पी-व्हॅल्यू ०.०४ आली म्हणजे परिकल्पना ९६ टक्के खरी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संख्याशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य इतक्या वेळा समोर येतं की ते दिसायच्या आधीच लाल पेन हातात येतं: "पी-व्हॅल्यू ०.०४ आहे, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ४ टक्के, म्हणून आपली परिकल्पना ९६ टक्के खरी." त्याच्या वरची आकडेमोड बहुतेकदा अचूक असते, चूक फक्त या शेवटच्या ओळीत असते. विद्यार्थी आणि नव्याने शिकवायला लागलेले सहकारी यावर जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकाच उदाहरणाच्या आधाराने दिली आहेत.

उदाहरण कुठलं घेतलं आहे?

पुण्यातलं. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली आणि २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये ती प्रसिद्ध केली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या होत्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पत्रिका दिल्या, आणि कुठली पत्रिका कुठल्या गटातली हे ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. २८ किंवा जास्त बरोबर आल्या तरच दखल घ्यायची, असं गणित करून आधीच ठरवलेलं होतं. सगळ्यात वरचा गुणांक आला २४.

ही चाचणी शिकवायला सोयीची आहे, कारण इथली शून्य परिकल्पना, म्हणजेच नल, कुणालाही समजते: ज्योतिषाला पत्रिकेतून काही कळत नाही, तो जणू नाणं उडवून उत्तर देतो आहे. प्रत्येक पत्रिकेला बरोबर ठरण्याची शक्यता निम्मी.

खाली बहुतेक ठिकाणी मी '४० पैकी २६' असा गुणांक धरला आहे. तो काल्पनिक आहे, गृहपाठात दिलेला. कारण एवढंच की २६ला पी-व्हॅल्यू ०.०४ येते आणि सगळी गडबड तिथेच होते.

४० पैकी २६ला पी-व्हॅल्यू ०.०४ कशी येते?

नाणं ४० वेळा उडवलं तर २६ किंवा त्याहून जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता काढायची. ती ०.०४०३ येते. 'आर'मध्ये एक ओळ पुरते:

```r
pbinom(25, 40, 0.5, lower.tail = FALSE)
```

इथे २५ लिहायचं, २६ नाही. `lower.tail = FALSE` दिलं की दिलेल्या आकड्याच्या *वरचे* गुण मोजले जातात, त्यामुळे २६ धरायचे असतील तर २५च्या वरचे मागावे लागतात. चुकून २६ लिहिलं की ०.०१९ येतं आणि निकाल आहे त्यापेक्षा दुप्पट भारी वाटतो. विद्यार्थ्याची पी-व्हॅल्यू तुमच्यापेक्षा निम्मी आली असेल, तर आधी ही ओळ बघा.

मग "नल खरी असण्याची शक्यता ४ टक्के" हे वाचन चूक का?

कारण हे ४ टक्के काढताना आपण नल खरी *धरूनच* चाललो होतो. ०.५ हा आकडा त्या ओळीत बसलेला आहे. सगळा हिशोब 'जर हा नाणंच उडवत असेल तर' या वाक्याच्या आत होतो, आणि उत्तर मिळतं ते गुणांबद्दल: अशा माणसाला २६ किंवा जास्त गुण किती वेळा मिळतील. हा नाणं उडवतो आहे की नाही, हा प्रश्न त्या हिशोबात कुणी विचारलेलाच नाही.

वर्गात मी वारीचं उदाहरण देतो. वारीत चालणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गळ्यात तुळशीची माळ दिसते. पण रस्त्यात माळ घातलेला एखादा माणूस भेटला, तर 'हा बहुतेक वारीला चाललाय' असं आपण म्हणत नाही. माळ घालून घरी असणारेही पुष्कळ आहेत. 'वारीला चालला असेल तर माळ' आणि 'माळ असेल तर वारीला चालला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि पहिल्यातला आकडा दुसऱ्यात उचलून ठेवता येत नाही. पी-व्हॅल्यू म्हणजे 'नल असेल तर असे गुण'. विद्यार्थी वाचतो ते 'असे गुण असतील तर नल'. 'जर'ची जागा बदलते, तिथेच घोटाळा होतो.

विद्यार्थ्याला व्याख्या पाठ आहे, तरी तो ऐकत नाही. पटकन पटेल असं काही?

त्याच्याच वाक्याला त्याच उदाहरणात पळवून बघायचं. माझ्या अनुभवात व्याख्येपेक्षा हे जास्त लागू पडतं.

समजा ज्योतिषाने ४० पैकी बरोबर २० ओळखल्या, म्हणजे अगदी नाण्यासारखंच. २० किंवा जास्तची पी-व्हॅल्यू ०.५६ येते. विद्यार्थ्याच्या वाचनाने नल ५६ टक्के खरी, म्हणून ज्योतिषाला कळण्याची शक्यता ४४ टक्के. नाण्याइतकेच गुण मिळवून जवळजवळ निम्मी पत! इथे वर्गात हसू येतं, पण काहीजण अजूनही 'असू शकेल' म्हणतात.

त्यांच्यासाठी पुढचं. समजा चाळीसपैकी एकही बरोबर आलं नाही. शून्य किंवा जास्त गुण मिळण्याची शक्यता १, म्हणजे पी-व्हॅल्यू १. त्या वाचनाने नल शंभर टक्के खरी, माणूस नक्कीच नाणं उडवतोय. आता नाणं ४० वेळा उडवून चाळीसही वेळा काटा पाडून दाखवा. असा गुणांक आलाच, तर त्या माणसाला उत्तरं माहीत होती आणि त्याने ती उलटी लिहिली, असाच संशय येईल. नाण्याची गोष्ट सगळ्यात कमी पटते तिथेच हे वाचन तिला पूर्ण खात्री देतं.

तिसरी तपासणी मला स्वतःला सगळ्यात आवडते. २६ गुणांची एकतर्फी पी-व्हॅल्यू ०.०४ आहे. दोन्ही बाजू धरल्या, म्हणजे १४ किंवा कमी गुणही 'तितकेच टोकाचे' मानले, तर ती ०.०८ होते. नाणं तेच, ज्योतिषी तोच, गुण तेच, नलही अक्षरशः तीच. मग नल खरी असण्याची शक्यता ४ टक्के की ८? एकाच वाक्याच्या खरेपणाला दोन आकडे येत असतील, तर ते आकडे त्या खरेपणाचे नाहीत.

मग नल खरी असण्याची खरी शक्यता किती?

नुसत्या पी-व्हॅल्यूवरून सांगता येत नाही. आणखी दोन गोष्टी लागतात: चाचणीच्या आधी अशा दाव्याला किती वजन द्यायचं, आणि ज्योतिषाला खरंच कळत असेल तर तो किती बरोबर सांगेल.

आकडे धरून बघू. समजा १००० दावेदार चाचणीला बसले. त्यातल्या १०० जणांना खरंच कळतं आणि ते ७० टक्के वेळा बरोबर सांगतात. उरलेले ९०० नाणं उडवतात. आपण २६ला रेघ मारली.

नाणंवाल्यांपैकी ४.०३ टक्के रेघ ओलांडतील, म्हणजे साधारण ३६ जण. खऱ्या जाणकारांपैकी सुमारे ८१ टक्के ओलांडतील, म्हणजे ८१ जण. एकूण पास ११७ आणि त्यात नाणंवाले ३६. म्हणजे पास झालेल्यांपैकी ३१ टक्के निव्वळ नशिबाने आलेले, ४ टक्के नव्हेत.

आता हजारात खरे जाणकार १०० ऐवजी १०च धरा. नाणंवाले ९९०, त्यातले ४० पास. जाणकारांतले ८ पास. पास झालेल्या ४८ जणांत ४० नाणंवाले, म्हणजे ८३ टक्के. पी-व्हॅल्यूची रेघ दोन्ही वेळा तीच होती. बदललं ते फक्त रांगेत आधीपासून कोण उभं होतं हे.

ज्याला हात घालून बघायचंय त्याने हे चालवावं:

```r
khare <- rep(c(TRUE, FALSE), c(100, 900))
gun <- rbinom(1000, 40, ifelse(khare, 0.7, 0.5))
paas <- gun >= 26
mean(!khare[paas])
```

शेवटची ओळ पास झालेल्यांतला नाणंवाल्यांचा वाटा देते. दर वेळी थोडं वेगळं येईल, पण ०.३१च्या आसपास फिरत राहील. पहिल्या ओळीतले १०० आणि ९०० बदलून बघा.

निम्मे खरे, निम्मे नाणंवाले धरले तर? एका विद्यार्थ्याने ते करून ५ टक्के आणून दाखवले.

बरोबर आणले. ५०० नाणंवाल्यांतले २० पास, ५०० जाणकारांतले सुमारे ४०३ पास, आणि ४२३ मध्ये २० म्हणजे ५ टक्क्यांच्या जरा आत. त्याचं वाक्य खरं ठरल्यासारखं वाटतं. दोन कारणांनी ते खरं ठरत नाही.

एक तर निम्मे-निम्मे ही त्याने स्वतः घातलेली भर आहे. ती पी-व्हॅल्यूत नव्हती.

दुसरं कारण बारीक आहे आणि अनुभवी लोकही तिथे फसतात. पास झालेल्या गर्दीत २६वालेही आहेत आणि ३३वालेही. आपला ज्योतिषी मात्र रेघेवर आहे, नेमके २६. तेव्हा 'पास झालेले कोण' असं न विचारता 'नेमके २६ मिळालेले कोण' असं विचारायला हवं. नेमके २६ गुण नाणंवाल्याला मिळण्याची शक्यता ०.०२१ आहे आणि ७० टक्केवाल्याला ०.१०४. म्हणजे २६ या गुणांमुळे 'जाणकार' या बाजूचं पारडं सुमारे पाचपट जड होतं. निम्म्या-निम्म्याने सुरुवात केली तर नल खरी असण्याची शक्यता १७ टक्के उरते.

कुणी म्हणेल, ७० टक्के हा आकडा तुम्हीच घेतलात. ठीक आहे, ज्योतिषाला सगळ्यात सोयीचा आकडा घेऊ. २६ गुणांना सगळ्यात जास्त जुळणारं कौशल्य म्हणजे ६५ टक्के, कारण ४० पैकी २६ म्हणजे ६५ टक्केच. तरी पारडं सहापटीच्या किंचित वरच जातं आणि नल सुमारे १४ टक्क्यांखाली उतरत नाही. निम्म्या-निम्म्या सुरुवातीतून, एवढं औदार्य दाखवूनही, ४ टक्के येत नाहीत. आणि शंभरात एकच दावा खरा असेल असं मानून ७० टक्क्यांनी हिशोब केला, तर २६ गुणांनंतरही नल ९५ टक्के उभी राहते.

पुण्याच्या चाचणीत २४ गुण मिळाले होते ना? त्याचं काय?

एकट्या ज्योतिषासाठी २४ची पी-व्हॅल्यू ०.१३ येते. 'म्हणजे नल फक्त १३ टक्के खरी, ज्योतिषाला ८७ टक्के कळतं' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. पण २४ हा २७ जणांतला सर्वोत्तम गुणांक आहे. २७ माणसांनी नुसती नाणी उडवली, तर कुणा ना कुणाला २४ किंवा जास्त मिळण्याची शक्यता ९८ टक्के असते. नसते मिळाले तर उलट नवल वाटलं असतं.

२८ची रेघही याच नजरेने बघण्यासारखी आहे. एकट्याला नशिबाने २८ गाठण्याची शक्यता ०.००८३ आहे, हजारात आठच्या जवळपास. तरी २७ जण बसले की कुणीतरी एक ती गाठण्याची शक्यता २० टक्क्यांवर जाते. तेव्हा एखाद्याने २८ मिळवले असते, तरी 'हा ९९ टक्के खरा' असं म्हणता आलं नसतं. त्याला नव्या ४० पत्रिका देऊन पुन्हा बसवावं लागलं असतं.

पी-व्हॅल्यू मोठी आली तर नल खरी ठरते का?

नाही. त्याच चाचणीत एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका घेतल्या आणि १०२ बरोबर ओळखल्या. पी-व्हॅल्यू साधारण ०.४२. यावरून नल ४२ टक्के खरी असंही होत नाही, आणि ती सिद्ध झाली असंही होत नाही. इतकंच म्हणता येतं की १०२ हा गुणांक नाण्याच्या कहाणीत अगदी सहज बसतो. तो ५२ टक्के कौशल्याच्या कहाणीतही बसतो. ५२ आणि ५० यांतला फरक २०० पत्रिकांत दिसत नाही. ७० टक्क्यांचा मात्र दिसला असता, कारण तशा जाणकाराकडून १४०च्या आसपास अपेक्षा असते.

समजा पी-व्हॅल्यू फारच लहान आली, ०.०००००१. तेव्हा तरी ज्योतिष खरं म्हणायचं ना?

तेव्हा नाण्याची कहाणी टिकत नाही, एवढं म्हणायचं. तिच्या जागी कुठली कहाणी ठेवायची, हे पी-व्हॅल्यू सांगत नाही.

नलमध्ये नुसतं 'ज्योतिषाला कळत नाही' एवढंच नसतं. उत्तरं एकमेकांवर अवलंबून नाहीत, पत्रिकांवर कुठली खूण नाही, तपासणाऱ्याने मध्ये काही बदललं नाही, हे सगळं तिच्या पोटात गृहीत असतं. यातलं काहीही मोडलं तरी पी-व्हॅल्यू लहान होऊ शकते. एका गटाच्या पत्रिका एका शाईत आणि दुसऱ्या गटाच्या दुसऱ्या शाईत असतील, तर लक्ष देणारा कुणीही चाळीसपैकी चाळीस मिळवेल, त्याला ग्रहांची गरज नाही. म्हणून विद्यार्थ्याने 'नल रिजेक्ट, म्हणून माझी परिकल्पना खरी' असं लिहिलं, तर मी समासात एकच प्रश्न लिहितो: अजून कशामुळे असं झालं असतं?

पण हे चुकीचं वाचन छापील नोट्समध्येही आहे. विद्यार्थ्याचा काय दोष?

दोष कमीच. 'निकाल योगायोगाने येण्याची शक्यता ४ टक्के' हे वाक्य नोट्समध्ये, बातम्यांत, शोधनिबंधांत सर्रास सापडतं, आणि ते त्याच चुकीचं सौम्य रूप आहे. शेवटी २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला पी-व्हॅल्यूबद्दल सहा तत्त्वांचं निवेदन काढावं लागलं. त्यातलं दुसरं तत्त्व हेच आहे: परिकल्पना खरी असण्याची शक्यता पी-व्हॅल्यू मोजत नाही, आणि निकाल निव्वळ योगायोगाने आला याचीही नाही.

ही चूक इतकी चिवट असण्याचं कारण, मला वाटतं, हे की माणसाला जे हवं असतं ते पी-व्हॅल्यू देत नाही. आपल्याला जाणून घ्यायचं असतं 'हे खरं आहे का'. हाती येतं 'हे खोटं असतं तर असं किती वेळा दिसलं असतं'. मग मन गुपचूप दुसऱ्याच्या जागी पहिलं ठेवतं.

उत्तरपत्रिकेतलं वाक्य तपासताना नेमकं काय बघू?

'शक्यता' या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, कशाची? गुणांची, माहितीची, निरीक्षणांची असेल तर पुढे वाचा. परिकल्पनेची, दाव्याची, 'फरक असण्याची' असेल तर तिथेच थांबा. मग 'जर नल खरी असेल तर' हा तुकडा वाक्यात आहे का ते बघा. तो बहुतेकदा गाळलेला असतो, आणि तो गाळला की उरलेलं वाक्य आपोआप परिकल्पनेबद्दल वाचलं जातं. 'किंवा त्याहून जास्त' हे शब्दही हवेत, कारण नेमके २६ मिळण्याची शक्यता ०.०२१ आहे, ०.०४ नव्हे. आणि १ वजा पी केलेलं कुठे दिसलं, ९६ टक्के, ९७ टक्के असं, तर बाकी वाक्य कितीही सुबक असलं तरी गुण जातात.

किती गुण कापायचे?

मी पाचातला एक देतो, आकडेमोडीसाठी दोन वेगळे. काही सहकारी पूर्ण शून्य देतात. मला ते जड वाटतं, पण चूक समासात लिहून दाखवल्याशिवाय मी पुढे जात नाही.

बरोबर वाक्य कसं असेल? एक नमुना द्या.

सुरुवातीचं वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने दुसऱ्यांदा लिहिलेलं तिच्या परवानगीने देतो: "ज्योतिषी नुसतं नाणं उडवून उत्तरं देत असेल आणि प्रत्येक उत्तर स्वतंत्र असेल, तर ४० पैकी २६ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के आहे. हे गुण नाण्याच्या कल्पनेशी फारसे जुळत नाहीत. ज्योतिषाला खरंच कळतं का, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. ते सांगायला असे दावे एरवी किती वेळा खरे निघतात ते माहीत हवं."

तिने खाली पेन्सिलीने विचारलं होतं: "सर, मग ०.०५ला रेघ का मारतात?" सोयीसाठी. १९२५च्या पुस्तकात रोनाल्ड फिशरने ती सोयीची मर्यादा म्हणून वापरली आणि ती रुळली. २६ला ०.०४० येते, २५ला ०.०७७, म्हणजे एका पत्रिकेच्या फरकाने माणूस रेघेच्या अलीकडून पलीकडे जातो.